जीएसटी सल्लागारांसाठी: थेट कार्यशाळा की रेकॉर्डेड कोर्स?

विषय एकच धरू: खरेदीची नोंदवही GSTR-2B शी जुळवणे. रेकॉर्डेड कोर्स एकदा बनवला की विकत राहता येतो. पण पोर्टलची स्क्रीन बदलली की पुन्हा रेकॉर्डिंग आलंच, आणि शिकणारा कुठे अडला हे तुम्हाला कळतच नाही.

दोन तासांच्या थेट कार्यशाळेत ते डोळ्यांसमोर दिसतं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचं GSTR-2B १४ तारखेला तयार होतं, GSTR-3B ची मुदत २० तारखेची. म्हणून कार्यशाळा १५-१६ ला ठेवा. पंधराच जण घ्या, प्रत्येकाला स्वतःची एक्सेल फाइल आणायला लावा. ज्याची चाळीस बिलं जुळत नाहीत, तो पुढचं काम सोपवायला आपणहून फोन करण्याची शक्यता जास्त. फुकट ठेवलीत तर रिकाम्या हातांनी नुसतं ऐकायला येणारेच वाढतात. थोडी का होईना, फी लावाच. (सीए असाल तर जाहिरातीबाबतचे आयसीएआयचे नियम आधी वाचा.)