हिस्टोग्राम, बॉक्स प्लॉट की स्कॅटर: आधी काय काढायचं?

मागं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून ४०० टॉवेलांच्या वजनाची एक्सेल शीट माझ्याकडं आली. टॉवेल ४५० ग्रॅमचा भरायला पाहिजे आणि गिऱ्हाईक तक्रार करतंय, एवढंच मालक म्हणाले. मी सवयीनं बॉक्स प्लॉट काढला. वर लांब एक टिंब दिसलं, ४६८ च्या जागी कुणीतरी ४६८० टाकलेलं. हे मात्र मानायला पाहिजे, असली चूक बॉक्स प्लॉट लगेच पकडतो, हिस्टोग्राममध्ये त्याच एका आकड्यापायी सगळे टॉवेल एकाच दांड्यात जाऊन बसले होते.

चूक दुरुस्त केली आणि परत काढला तर मीडियन बरोबर ४५०, बॉक्स ४३० ते ४७०, बाहेर एकही टिंब नाही. मी फोन करून सांगूनसुद्धा टाकलं की माल ठीक वाटतोय, जरा कमीजास्त होतंय इतकंच.

मग हिस्टोग्राम काढला आणि कपाळावर हात मारला. दोन उंचवटे, एक ४३० ला, एक ४७० ला, आणि मधे ४५० जवळ जवळजवळ रिकामं! म्हणजे ज्या मीडियनवर मी खूश होतो त्या वजनाचा टॉवेल तिथं जवळपास विणलाच जात नव्हता. बॉक्स प्लॉट पाचच आकडे दाखवतो, त्यात दरी कशी दिसणार. बॉक्स एवढा रुंद आणि मिशा आखूड, तिथंच शंका यायला पाहिजे होती म्हणा, पण आली नाही.

हिस्टोग्रामचीपण कटकट आहेच. वजनकाटा २-२ ग्रॅमनं पुढं सरकायचा आणि मी बिन ५ ग्रॅमचे घेतले, त्यामुळं एका बिनमध्ये तीन आकडे, पुढच्यात दोन, सगळं कंगव्यासारखं दिसायला लागलं. बिन काट्याच्या पटीत घ्या:

```python
plt.hist(df["vajan"], bins=np.arange(399, 504, 4))
```

दोन उंचवटे का, हे हिस्टोग्राम सांगत नाही. त्याला स्कॅटर लागतो. आडवा नोंदीचा क्रम, उभं वजन. मधेच पायरी दिसली असती तर त्या दिवशी काहीतरी बदललं असं म्हटलं असतं, पण इथं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन समांतर पट्टे होते, म्हणजे दोन माग वेगवेगळ्या सेटिंगवर. (टिंबं एकावर एक बसतात, `alpha=0.3` ठेवा.)

मागाचा नंबर शीटमध्ये असता तर बॉक्स प्लॉटनंपण हे दाखवलं असतं, वीस-पंचवीस माग शेजारी शेजारी बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण कशानं वेगळं करायचं ते आधी माहीत पाहिजे ना. तुमचा डेटा वेगळा असेल, मी आपला आता नवीन कॉलम आला की हिस्टोग्राम, तोपण दोन-तीन बिन बदलून, आणि मगच मालकांना फोन.