आठ महिने सॉसेज-नगेट्स: पाकिटाची पाठ वाचायला शिकलो, पण आधी उलटं शिकलो

सुरुवात भांडणानं झाली. जूनमध्ये चिकन सॉसेजचं २५० ग्रॅमचं पाकीट आणलं, पाच नग. पोरगं शाहू स्टेडियमकडनं फुटबॉल खेळून आलं की वखवखलेलं असतं, त्याला संध्याकाळी काहीतरी पटकन द्यायला हवं. तव्यावर टाकले आणि बघतोय तर खालून पाणी सुटतंय, पांढरट फेस येतोय. बायको केक करते म्हणून घरात वजनकाटा आहे. भाजून झाल्यावर मोजले तर २०५ ग्रॅम. ४५ ग्रॅम गायब!

मी हिशेबाची कामं करतो, असा फरक मला झोपू देत नाही. कस्टमर केअरला तीन फोन आणि फोटोंसह एक मेल केला. उत्तर आलं, "सर, वजन पॅकिंगच्या वेळचं असतं." शेवटी त्यांच्याच मालावर वापरायचं पन्नास रुपयांचं कूपन पाठवलं. बायको म्हणाली, "अहो, रविवारी मटण आणता तेव्हा रस्सा मोजता का?" मी ऐकलं नाही.

मग नादच लागला. प्रत्येक पाकीट भाजायच्या आधी आणि नंतर मोजायचं, वहीत लिहायचं. कमी आटेल तो माल चांगला, असं माझं गणित. ऑगस्टमध्ये एक स्वस्त सॉसेज सापडलं, २५० चं २४४ राहिलं. चार पाकिटं आणली, ऑफिसात दोघांना घ्यायला लावली. आणि तेव्हा कुठं पाकीट उलटं करून वाचलं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिलं चिकन, ४२ टक्के. दुसरं पाणी. मग तेल, स्टार्च, सोया प्रोटीन, आणि पुढं आयएनएस ४५१. आयएनएस म्हणजे खाण्यात मिसळायच्या रसायनांना दिलेले नंबर; हे ४५१ म्हणजे फॉस्फेट. त्यानं मांस पाणी धरून ठेवतं. स्टार्च उरलेलं पाणी शोषून घट्ट होतं. म्हणजे माझं सॉसेज आटत नव्हतं ते मांस जास्त म्हणून नव्हे, तर पाणी बांधून ठेवलं होतं म्हणून. खात्रीसाठी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडनं पाव किलो बोनलेस आणलं, त्याच तव्यावर, काहीही न घालता भाजलं. राहिलं १८० ग्रॅम. माझ्या मापानं खरी कोंबडी सगळ्यात नापास! शिवाय सॉसेज कारखान्यातच शिजवून येतं, त्याची आणि कच्च्या मांसाची तुलनाच होत नाही. वहीतली दोन महिन्यांची पानं फाडली. ऑफिसातल्या दोघांना चहा पाजला.

त्यानंतर बघायची जागा बदलली. पाकिटावर चिकनचं नाव किंवा चित्र ठळक असेल, तर ते किती टक्के घातलंय हे लिहायचा नियम आहे. त्यामुळं पुढचा कुरकुरीत फोटो सोडायचा आणि मागं हा आकडा शोधायचा. बारीक अक्षरात, बहुतेक वेळा चिकटवलेल्या जोडाखाली. न सापडल्यास मी पाकीट परत ठेवतो, वाद नाही.

नगेट्सचं उदाहरण घ्या. राजारामपुरीतल्या दुकानात दोन पाकिटं शेजारी होती. एक ५०० ग्रॅम, २४० रुपये, चिकन ४६ टक्के. दुसरं ४०० ग्रॅम, २६० रुपये, चिकन ६५ टक्के. मोठं पाकीट, वर वीस रुपये कमी. माझा हात आपोआप तिकडंच गेला. पण मोठ्या पाकिटात चिकन २३० ग्रॅम, छोट्यात २६० ग्रॅम. चिकनचा भाव काढला तर मोठ्यात किलोला १०४३ रुपये पडतो, छोट्यात बरोबर १०००. म्हणजे मोठं पाकीट घेऊन मी ब्रेडक्रम, मैदा आणि तेल जास्त घेणार होतो, आणि चिकन उलट महाग! दोन्हीकडं भाव चिकनवाल्याच्या किती तरी पट आहे, हे वेगळं सांगायला नको; ते पैसे कष्ट वाचवल्याचे.

टक्केवारी खरी आहे का, याचा अंदाज प्रोटीनवरून येतो. १०० ग्रॅम कोंबडीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रोटीन धरा. ४६ टक्के चिकन म्हणजे नऊच्या आसपास, वरचे दोनेक मैद्याचे. मोठ्या पाकिटावर ११ होतं, म्हणजे जुळलं. छोट्यावर १४, तेही जुळलं.

इथं मी पुन्हा शहाणा झालो म्हणून खूश होतो, तेवढ्यात तिसऱ्या कंपनीचं सॉसेज हाती आलं. प्रोटीन १५, पण चिकन ५५ टक्केच. जास्तीचं प्रोटीन यादीत खाली लपलं होतं: सोया प्रोटीन आयसोलेट. ते जवळजवळ ९० टक्के प्रोटीनच असतं, शंभरात चार ग्रॅम घातलं तरी आकडा साडेतीननं वर जातो. सोया वाईट नाही, पण मी पैसे कोंबडीचे देतोय. म्हणून नुसतं प्रोटीन बघून भुलू नका, यादीत सोया आहे का तेही बघा.

फॅटबद्दल एवढंच. ब्रेस्टमध्ये शंभराला दोन-तीन ग्रॅम असतं, माझ्या सॉसेजवर १८ होतं. म्हणजे २३४ कॅलरींपैकी १६२ चरबीच्या. ती कोंबडीच्या कातडीची किंवा ओतलेल्या तेलाची, हे यादी सांगते.

चिकन सलामीची गोष्ट आईमुळं कळली. तिनं पोराच्या सँडविचमधली चकती उचलली, "कोंबडी शिजली की पांढरी हुती, ही गुलाबी कशी?" बरोबर विचारलं. तो गुलाबी रंग सोडियम नायट्राइटचा, पाकिटावर आयएनएस २५०. (पोरगं म्हणालं, बाबा, हे पाकिटाचं वजन असेल. नाही.) पण नुसत्या रंगासाठी घालत नाहीत, बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणारा जिवाणू वाढू नये म्हणूनही घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो असा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींत; सिगारेटही त्याच गटात आहे. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब आहे. पण म्हणून धोका सिगारेटएवढा, असा त्या गटाचा अर्थ नाही. तिथं फक्त पुरावा किती पक्का, एवढंच बघतात. आमच्याकडं सलामी आता महिन्यातून एकदा, उघडलेलं पाकीट दोन-तीन दिवसांत संपवायचं.

माझ्या नगेट्समध्ये २५० नव्हतं म्हणून मी ते फार चांगलं समजायचो. तेही चुकीचं निघालं. तो माल उणे १८ अंशांवर राहतो, थंडीच राखण करते, म्हणून लागत नाही. आणि ती राखण तुटली की कळतं. जुलैच्या पावसात एका दुकानातून आणलेलं पाकीट हलवलं तर खुळखुळ नाही, एकच गोळा, आत बर्फाचा चुरा. वितळून पुन्हा गोठलेलं. आता घ्यायच्या आधी पाकीट कानाशी धरून हलवतो. दुकानदार हसतो, हसू दे.

सध्या ६५ टक्क्यांवालं छोटं पाकीट चालू आहे, आठवड्याला एक. पन्नास रुपयांचं कूपन अजून माझ्या खिशातल्या पैशाच्या पाकिटात आहे. त्या कंपनीच्या सॉसेजवर चिकनचा टक्का सापडेपर्यंत वापरणार नाही, आणि मुदत १५ तारखेला संपतेय.