शिळ्या धुराची तक्रार: सात महिने वापरलेलं पत्र

कामानिमित्त दर महिन्याला दोन रात्री मी एकाच हॉटेलात उतरते. खोली नेहमी नॉन-स्मोकिंग. तरी सात महिन्यांत तीनदा दार उघडताच शिळ्या सिगारेटचा वास आला. त्यासाठी लिहिलेल्या तक्रारपत्राचा हा अनुभव.

पहिलं पत्र फुकट गेलं. ते मी घरी परतल्यावर तीन दिवसांनी लिहिलं, दोन पानं, भरपूर संताप. उत्तर आलं: दिलगीर आहोत, खोली तपासली, वास आढळला नाही. बरोबरच आहे. तोवर ती दोनदा झाडून, सुगंधी फवारा मारून दुसऱ्या कुणाला देऊनही झाली असणार. शिवाय दोन रात्री तिथे निमूट राहिल्यावर ‘असह्य वास’ म्हणणं मलाच पोकळ वाटलं.

दुसऱ्या वेळी पत्र खोलीतूनच पाठवलं, बॅग न उघडता. आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, म्हणून पहिल्या श्वासाला जे जाणवलं ते लगेच लिहायचं. दुसरं कारण जास्त व्यवहारी. नॉन-स्मोकिंग खोलीत वास राहिला तर बरीच हॉटेलं सफाईचा दंड पाहुण्याच्या माथी मारतात. आल्याआल्या लेखी कळवलं की तो वास आपला नव्हता याची नोंद राहते.

मग वास कुठून येतो ते शोधलं. धूर विरला तरी त्यातलं निकोटिन आणि चिकट डांबरी अंश पडदे, गाद्या, गालिचा आणि भिंतीच्या रंगात मुरतात आणि उकाड्यात, दमटपणात पुन्हा हवेत सुटतात. म्हणून खिडकी उघडून तात्पुरतं बरं वाटतं आणि बंद केली की तासाभरात वास परत. पडदा नाकाशी धरला, उशी हुंगली (कुणी पाहिलं असतं तर!), एसी लावून पहिला झोत घेतला. ओला पांढरा टिश्यू पलंगामागच्या फळीवर फिरवला, तो पिवळट तपकिरी झाला. धुळीने टिश्यू करडा होतो, त्यामुळे हा रंग बोलका आहे; पण नुसत्या डागावर भिस्त ठेवू नका, वासाशी तो जुळला पाहिजे. त्याचा फोटो काढला.

पाठवलेलं पत्र असं:

“महोदय, आज रात्री ८:४० ला मला ४१२ क्रमांकाची खोली मिळाली. बुकिंगच्या पावतीवर ‘नॉन-स्मोकिंग खोली’ असं नमूद आहे. प्रत जोडली आहे. दार उघडताच शिळ्या धुराचा वास आला. पडद्यांना आणि एसीच्या हवेला तो तीव्र आहे. फळी पुसलेल्या टिश्यूचा फोटो सोबत आहे. मी सामान उघडलेलं नाही आणि धूम्रपान करत नाही. कृपया ९:३० पर्यंत वास नसलेली दुसरी खोली द्यावी. ते शक्य नसल्यास आजच्या रात्रीचं भाडं परत करावं आणि बुकिंग विनाशुल्क रद्द करावं. फवारा मारलेली हीच खोली मला चालणार नाही.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, कारण हॉटेलचा पहिला उपाय तोच असतो. मेल मॅनेजरला केला, रिसेप्शनवर जाऊन दाखवला आणि मिळाल्याचं उत्तर मागून घेतलं. पंचवीस मिनिटांत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. आधी मी आत जाऊन हुंगून आले, मगच किल्ली घेतली.

पावतीवरचा शब्द मात्र आधी नीट वाचा. माझ्या एका बुकिंगवर ‘नॉन-स्मोकिंगला प्राधान्य’ एवढंच होतं आणि शेजारी ‘उपलब्धतेनुसार’. ती विनंती झाली, कबुली नव्हे. त्यावर भाडं परत मागायचा जोर राहत नाही. फार तर खोली बदलून मागता येते. आता मी खोलीच्या प्रकारातच नॉन-स्मोकिंग लिहिलं असेल तरच पैसे भरते.

तिसऱ्या वेळी माझंच चुकलं. जुनं पत्र तसंच पाठवलं, पण या खोलीत पडदे स्वच्छ होते आणि वास थांबून थांबून, बाथरूमच्या झरोक्यातून येत होता. म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी आत्ता ओढत होतं. हाउसकीपिंगने पडदे हुंगले, मान हलवली आणि माझी तक्रार पडली. मग पत्र दुरुस्त करून वास किती वाजता, कुठून आला ते लिहिलं, तेव्हा शेजारच्या दारावर टकटक झाली आणि मला मजल्याच्या दुसऱ्या टोकाला हलवलं.

पत्राने मला खोली मिळते, खोली सुधारत नाही. पडदे धुवायला टाकणं, गादीची खोल सफाई, एसीची जाळी आणि आतली कॉइल साफ करणं, भिंतीला नवा रंग, हे खर्चिक काम आहे आणि माझ्या मेलने ते झालं नाही. ४१२ मला पुन्हा दिली नाही. मागच्या खेपेला रिसेप्शनवर सहज विचारलं, तर ती खोली अजून नॉन-स्मोकिंगमध्येच आहे, आणि त्या रात्री भरलेली होती.