६५ वॅटचा म्हणून घेतला, निघाला ७ वॅटचा

मी औषध कंपनीचा एमआर. सांगली-तासगाव-विटा हा माझा रोजचा रूट. डॉक्टरांच्या भेटी, ऑर्डरी, रिपोर्ट सगळं फोनवरच चालतं, त्यामुळे दुपारी जेवायला बसतो तेवढ्या पाऊण तासात फोन जितका चार्ज होईल तितक्यावर पुढचा दिवस काढायचा. फेब्रुवारीत नवा फोन घेतला. बॅटरी ५००० एमएएच, ३३ वॅटचं फास्ट चार्जिंग, पण डब्यात चार्जरच नव्हता. बसस्टँडजवळच्या एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं खिळ्याला लटकवलेलं एक पाकीट काढून पुढ्यात टाकलं. वर ठळक अक्षरांत ६५ वॅट. "साहेब, बिनधास्त घ्या. अर्ध्या तासात फुल. कंपनीच्या चार्जरचा बाप आहे हा." साडेसहाशे रुपये दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलात जीएसटी लागेल, उगाच महाग पडेल. चेकिंग वॉरंटी आहे की." म्हणजे काउंटरवर लावायचा, चार्जिंगची खूण दिसली की झालं चेकिंग. माझ्याही फोनवर ती दिसली.

खरं तर तिथंच, पाकीट हातात असताना, दोन भागाकार केले असते तर मी साडेसहाशे रुपये काढलेच नसते. आठवी-नववीतलंच गणित आहे, पण ते माझ्या डोक्यात आलं तीन दिवसांनी.

५००० एमएएच हा आकडा एकटा उपयोगाचा नाही, कारण चार्जर मोजायचा वॅटमध्ये. आधी बॅटरीत किती ऊर्जा मावते ते काढायचं. माझ्या फोनच्या बॅटरीचं सरासरी व्होल्टेज ३.८७. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास, त्याला गुणिले ३.८७ म्हणजे १९.३५ वॅट-तास. पण चार्जरमधून निघालेलं सगळं बॅटरीत पोचत नाही. थोडं केबलमध्ये जातं, थोडं फोनमधल्या चार्जिंगच्या सर्किटमध्ये, थोडं बॅटरीतच, आणि त्याची उष्णता होते. चार्जिंगला लावलेल्या फोनची पाठ गरम लागते ती यामुळे. साधारण ८५ टक्के पोचतं असं धरून चालायचं. उन्हात गाडीवर लावलेला असेल किंवा स्क्रीन चालू असेल तर त्याहून कमी. १९.३५ भागिले ०.८५, म्हणजे पावणेतेवीसच्या आसपास. शून्यावरून पूर्ण भरायला चार्जरनं एवढे वॅट-तास द्यायला हवेत. (भिंतीतल्या प्लगमधून वीज घेताना चार्जरच्या आत होणारी गळती यात धरायची नाही. चार्जरवर लिहिलेले वॅट हे त्याच्या बाहेर पडणाऱ्या पॉवरचे असतात.)

आता दुकानदाराचा अर्धा तास बघा. अर्ध्या तासात पावणेतेवीस वॅट-तास द्यायचे तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत साडेपंचेचाळीस वॅट चालू राहायला हवेत. माझा फोन जास्तीत जास्त ३३ घेतो. चार्जर ६५ चा असो की शंभरचा, फोन आपल्याला झेपेल तेवढंच ओढतो. बरं, ते ३३ सुद्धा सलग ओढत नाही. बॅटरी भरत आली की फोन करंट उतरवत नेतो, म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळत भरतात. सलग ३३ धरले तर ४१ मिनिटं येतात, प्रत्यक्षात तास-सव्वा तास. थोडक्यात, चार्जर अस्सल असता तरी अर्ध्या तासाची बात थापच होती.

मग तो अस्सल तरी होता का?

तासगावला खानावळीत बसलो तेव्हा फोन १८ टक्क्यांवर होता. जेवण, ताक, शेजारच्या टेबलावरच्या ओळखीच्या केमिस्टशी गप्पा, पाऊण तास झाला. फोन ४१ टक्के. पहिल्या दिवशी वाटलं, केबल नीट बसली नसेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी खानावळीच्या बिलामागे उलटं गणित मांडलं. २३ टक्के भरले म्हणजे बॅटरीत साडेचार वॅट-तासांच्या किंचित आत गेले. गळती धरून चार्जरनं दिले सव्वापाच. पाऊण तासात सव्वापाच, म्हणजे सात वॅट. पासष्टातले सात!

तरी लगेच दुकानात भांडायला गेलो नाही. एक शंका होती. बऱ्याच फोनचं फास्ट चार्जिंग त्याच कंपनीच्या चार्जरशी जुळतं. परका चार्जर कितीही चांगला असला तरी दोघांची बोली जुळली नाही तर फोन हळू मोडवर जातो. मग दोष चार्जरचा नसतो. म्हणून मिरजेत मोबाइल रिपेअर करणाऱ्या माझ्या मित्राकडे गेलो. त्याच्याकडे काडीएवढा यूएसबी मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मधे लावायचा. माझा चार्जर लावला: ४.७ व्होल्ट, १.५ अँपिअर. गुणाकार सात. कागदावर आलेलाच आकडा. मग तोच फोन, तीच केबल, फक्त चार्जर त्याचा लॅपटॉपचा लावला: ९ व्होल्ट, १.९ अँपिअर. सतरा वॅट. म्हणजे फोन ठीक, केबल ठीक. परक्या चार्जरवर माझा फोन सतराच्या आसपासच घेतो हेही तेव्हाच कळलं. तेवढं मिळालं असतं तरी माझं काम भागलं असतं.

मित्रानं चार्जर उलटा करून भिंगाखाली धरला. करड्या प्लास्टिकवर करड्याच शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर. एकच ओळ. म्हणजे छापलेलं खरं मानलं तरी दहा वॅट, आणि तेवढेही देताना त्याचं व्होल्टेज खाली बसत होतं. "६५ चा असता तर इथं ५, ९, १५, २० व्होल्टसारख्या जोड्या असत्या," मित्र म्हणाला. "२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं काहीतरी दिसलं पाहिजे. गुणून बघ, ६५ येतात. पाकिटावरचं मोठं अक्षर वाचायचं नसतं रे, ही ओळ वाचायची." त्या ओळीजवळ सरकारी बीआयएस मानकाच्या शिक्क्याखाली आर पासून सुरू होणारा नंबरही होता. बीआयएस केअर ॲपवर टाकला, तर दुसऱ्याच कंपनीच्या दुसऱ्याच वस्तूचा तपशील आला. सात वॅटपेक्षा मला याची जास्त भीती वाटली. हळू चार्जर नुसता वेळ खातो. खोट्या नंबरचा चार्जर रात्री उशाशी लावून झोपायचं म्हणजे आत काय भरलंय याचा भरवसा नाही.

शनिवारी मित्राचा मीटर खिशात घालून दुकानात गेलो. "साहेब, तुमच्या फोनची बॅटरी वीक असणार." फोन एक महिन्याचा. मीटर लावून दाखवला तर म्हणाला, "हे मीटर चायनाचे, काहीही दाखवतात." मग मागची ओळ वाचायला लावली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली तसा त्याचा आवाज उतरला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करतो म्हटलं तर त्यानं शांतपणे विचारलं, "बिल आहे का?" ते नव्हतंच. यूपीआयची नोंद होती, पण ती त्याच्या मेव्हण्याच्या नावावर, आणि कशाचे पैसे ते त्यात कुठं लिहिलेलं? शेवटी चारशे रुपये परत केले, अडीचशे 'वापरल्याचे' कापले.

मी गाडीला किक मारेपर्यंत त्यानं तो चार्जर पुसून पुन्हा पाकिटात घातला होता आणि पाकीट खिळ्याला अडकवत होता.