नळाची जाळी, बाजूला उडणारं पाणी आणि हौदातली माती: आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याच्या सुमारास आम्ही स्वयंपाकघरातला जुना नळ काढून हंसाच्या मानेसारखा वाकलेला, फिरणारा नळ बसवला. तोंडाला एरेटर, म्हणजे आमच्याकडे दुकानात ज्याला फोम किंवा नुसतीच जाळी म्हणतात ती. आता जून लागलाय. नळाबद्दल सांगायचं तर बॉडी चांगली आहे, फिरतो छान, थेंबभरही गळत नाही. पण या आठ महिन्यांत मी नळापेक्षा त्याच्या त्या बोटभर जाळीबद्दलच जास्त शिकले, म्हणून लिहितेय.

सुरुवातीचे सहा आठवडे पाणी मऊ, पांढरट, सरळ धारेत पडायचं. भांड्यावर आपटून अंगावर उडत नव्हतं आणि हात धुताना पाणीही कमी जायचं. दिवाळीनंतर एक दिवस भाकरीचं पीठ मळून हात धुवायला नळ सोडला, तर एक बारीक धार थेट उजवीकडे ओट्यावर, पिठाच्या परातीत. दोन दिवसांनी तशा तीन धारा झाल्या. जाळीच्या रिंगच्या कडेनंही पाणी झिरपायला लागलं. मला वाटलं, वॉशर गेलं.

वॉशर गेलेलं नव्हतं. जाळीची बरीचशी छिद्रं बुजली की पाणी उरलेल्या थोड्या छिद्रांतून तिरकं आणि जोरानं निघतं. शिवाय एरेटर हवा आत घ्यायला कडेला फटी ठेवतो. पुढे वाट बंद झाली की पाणी त्याच फटींतून उलटं बाहेर येतं. म्हणून कडेनं गळणं आणि बाजूला उडणं ही दोन दुखणी एकाच वेळी दिसली, तर आधी जाळी उघडावी. नवीन वॉशर आणायला पळू नये. मी पळाले होते.

उघडण्याची पद्धत सोपी आहे, पण दोन ठिकाणी माझी फसगत झाली. पहिली म्हणजे फिरवायची दिशा. नळाखाली वाकून वर बघितलं तर जाळी घड्याळाच्या उलट दिशेनं सुटते. पण आपण सिंकसमोर उभं राहून वरून बघतो, तेव्हा तीच दिशा घड्याळासारखी दिसते. मी पहिल्या दिवशी ती आणखी घट्ट करून बसले. हातानं सुटली नाही तर रिंगवर जाड फडकं गुंडाळून पकडीनं हलकेच फिरवावी, नाहीतर पॉलिशवर दात उमटतात. आणि उघडण्याआधी सिंकच्या भोकावर फडकं टाकावं, कारण आतलं रबरी वॉशर हमखास खाली पडतं.

दुसरी फसगत आतल्या तुकड्यांची. खालून अंगठ्यानं दाबलं की आतला भाग वर निघतो. वॉशर, वरची जाळी, भोकांची प्लॅस्टिकची चकती आणि खालची बारीक जाळी असे थर असतात. ते ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं परत बसले पाहिजेत. मी चकती उलटी बसवली आणि पाणी आधीपेक्षा वाईट उडालं. आता काढल्याबरोबर मोबाइलनं फोटो घेते.

धुताना जाळी उलटी धरायची. कचरा वरच्या बाजूला अडकलेला असतो. वरून ब्रश घासला तर तो छिद्रांत आणखी रुततो. म्हणून ज्या बाजूनं पाणी बाहेर पडतं त्या बाजूनं दुसऱ्या नळाची धार मारायची, आणि मग जुन्या दातांच्या ब्रशनं हलकं घासायचं. पांढरा थर असेल तर वॉशर बाजूला ठेवून बाकीचे तुकडे अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत घालून अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवते. पांढरा व्हिनेगरही चालतो. बारीक बुडबुडे येताना दिसतात, तो क्षार विरघळत असतो. चकाकणारी रिंग मात्र रात्रभर बुडवू नका. आणि फरशीचं अ‍ॅसिड तर अजिबात लावू नका, पॉलिश उतरतं आणि पितळही खातं.

इतकं सगळं नीट केलं, आणि नवव्या दिवशी पाणी परत बाजूला उडायला लागलं.

इथे माझं खरं चुकत होतं. सोलापूरचं पाणी जड, बोअरचं तर फारच, त्यामुळे सगळा दोष मी क्षाराला देत होते. डिसेंबर आणि जानेवारीत दर आठ-दहा दिवसांनी जाळी लिंबूसतात बुडवली. पण क्षार असा आठ दिवसांत जाळी बुजवत नाही. तो हळूहळू चढतो, त्याला महिने लागतात. जाळी आठवड्यात बुजत असेल तर ती लाईनमधून येणाऱ्या कचऱ्यानंच बुजतेय, असं समजायला हरकत नाही.

मग एकदा जाळी धुण्याआधी पांढऱ्या बशीवर उलटी आपटली. चिमूटभर ऐवज पडला. तो बघण्यासारखा होता. बहुतेक करड्या-तपकिरी रंगाचे, रव्यापेक्षा बारीक कण. नखाखाली घेतले तर खरखरीत. लिंबूसताचा थेंब टाकला, एकही बुडबुडा नाही. फ्रिजवरचं चुंबक कागदात गुंडाळून वर फिरवलं, तर दोन-चार गंजाचे पापुद्रे उठले, बाकीचे जागचे हलले नाहीत. एक मऊ पांढरा धागा होता, तो नळ बसवताना आट्यांना गुंडाळलेल्या टेपचा. म्हणजे मुख्य माल वाळू आणि माती. ती लिंबूसतात कितीही बुडवली तरी विरघळणार नव्हती.

ती येते कुठून हे कळायला कॅलेंडर कामी आलं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते जमिनीतल्या हौदात पडतं, तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत जातं आणि टाकीतून घरात. मी कॅलेंडरवर पाणी आल्याचे दिवस आणि धार तिरकी झाल्याचे दिवस अशा वेगळ्या खुणा केल्या. तीन आठवड्यांतच लक्षात आलं की धार बिघडते ती पाणी येऊन मोटर चालवल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या कोरड्या दिवसांत सहसा नाही.

खात्री करायला पाणी आलं त्या रात्री हौदात पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जुनं मलमलचं फडकं बांधलं. पहिल्या पाच-सात मिनिटांत फडकं तांबूस झालं आणि मधोमध चमचाभर बारीक वाळू जमली. फडकं बदलून परत बांधलं, तर दुसरं जवळपास स्वच्छ. चार दिवस रिकामी पडलेली लाईन पुन्हा भरताना पाणी आणि हवा मिळून तळाशी बसलेलं सगळं ढकलत आणतात. ते पहिलं पाणी आम्ही वर्षानुवर्षं सरळ हौदात सोडत होतो. पाणी ठरावीक वेळच येणार, एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून.

नळ बसवणाऱ्या अण्णांना बोलावलं. त्यांनी नळाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ हौदाचं झाकण उघडून बॅटरी मारली. म्हणाले, "ताई, जाळी धुऊन काय होतंय? फूट व्हॉल्व्ह मातीत बसलाय. मोटर लावली की पहिल्यांदा मातीच वर जातीय." फूट व्हॉल्व्ह म्हणजे मोटर ज्या पाइपानं हौदातलं पाणी ओढते त्याच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह. सासूबाई म्हणाल्या, "मग ती काढायची कशी हो, पाणी तर आजच भरलंय." शेवटी पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी, हौद रिकामा असताना काम केलं. तळाशी अडीच-तीन बोटं चिखल होता. गच्चीवरच्या टाकीत त्याहून कमी, पण होता.

अण्णांनी फूट व्हॉल्व्हचा पाइप कापून तळापासून अर्धा फूट वर घेतला. तेवढं खालचं पाणी मोटरनं येत नाही, ते झाडांना बादलीनं काढतो. टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपावर एक वाय-स्ट्रेनर, म्हणजे आत जाळी असलेली कचरा अडवणारी गाळणी, बसवला आणि त्याच्या आधी एक व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी रिकामी न करता जाळी काढता येते. स्ट्रेनरवरचा बाण पाण्याच्या दिशेनं आणि टोपी खाली तोंड करून असावी लागते, तरच कचरा टोपीत साठतो. सगळं जोडल्यावर त्यांनी नळाची जाळी काढून ठेवायला लावली आणि नळ दोन मिनिटं पूर्ण सोडून बादलीत पाणी घेतलं. बादलीच्या तळाशी पाइपाचा चुरा दिसला. जाळी न काढता नळ सोडला असता तर तो सगळा तिच्यातच गेला असता. घरात प्लंबिंगचं कुठलंही काम झालं की हे आधी करा.

स्ट्रेनरची जाळी मी खूप बारीक मागत होते. अण्णांनी नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं. आमची टाकी सिंकच्या नळापेक्षा जेमतेम बारा फूट उंच. एवढ्या उंचीनं नळाला अर्धा किलोसुद्धा दाब मिळत नाही. त्यात बारीक जाळी घातली तर ती लवकर चोंदते आणि घरभर धार बारीक होते. त्यामुळे आमचा स्ट्रेनर वाळू अडवतो, पण पावसाळी गढूळपणा अडवत नाही, तेवढी त्याची मर्यादा आहे. कमी दाबामुळे आमच्याकडे पाण्याला फेसही जाहिरातीसारखा येत नाही. वरून मोटरनं दाब दिलेल्या इमारतीत हाच नळ वेगळा वाटेल.

सगळ्यात जास्त फरक मात्र बिनपैशाच्या दोन सवयींनी पडला. पाणी आलं की पहिली पाच-सात मिनिटं ते बादल्या आणि पिंपात घेतो. अंगण धुवायला, झाडांना तेच वापरतो, म्हणजे वाया काही जात नाही. आणि रात्री हौद भरला तरी मोटर सकाळी लावतो. तोपर्यंत माती खाली बसते. यासाठी टाकीत एक रात्र पुरेल एवढं पाणी शिल्लक ठेवावं लागतं. उन्हाळ्यात पाहुणे असताना दोनदा ते जमलं नाही, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ओटा ओला.

मधे एक नवीन जाळीही घ्यावी लागली, कारण पकडीनं आवळताना जुनीच्या आट्या मी तिरक्या चढवल्या होत्या. दुकानात जुनी सोबत न्या. आटे बाहेरून असलेली जाळी साधारण 24 मिलिमीटरची आणि आतून आटे असलेली 22 ची असते. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात, मी आधी चुकीची आणली. बसवताना पकड वापरू नका, हातानं पुरेशी घट्ट होते.

फेब्रुवारीत काम झालं. स्ट्रेनरची टोपी महिन्यातून एकदा उघडते, प्रत्येक वेळी अर्धा चमचा वाळू निघते. नळाची जाळी त्यानंतर दोनदाच काढली. एप्रिलअखेर काढली तेव्हा बशीवर वाळूचे पाच-सहाच कण होते, बाकी पांढरा थर, लिंबूसतात घातल्यावर फसफसला. परवा पहिल्या पावसानंतर परत काढली. या वेळी क्षार जेमतेम, पण जाळीवर बोटाला लागेल असा मऊ तांबूस गाळ होता. उलट्या धारेनं लगेच निघाला.