सुपारीच्या कोळेरोगाचं पत्रक व्हॉइस मेसेजमध्ये आणायचंय? तीन रस्ते आहेत

मे महिन्यात सत्तरी-फोंड्याकडच्या कुळागरवाल्याला पत्रक वाचायला बसवणं म्हणजे कठीणच, कारण त्या दिवसांत पावसाच्या आधीची सगळी कामं एकदम अंगावर येतात आणि फवारणीला पोफळीवर चढणारा माणूस मिळवण्यातच अर्धा जीव जातो. म्हणून आता बरेच गट, सोसायट्या, दुकानवाले पण पत्रकाचा व्हॉइस मेसेज करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा म्हणतात. चांगलंय. पण पत्रक छोटं करायचं म्हणजे नक्की काय कापायचं, हे ठरवताना घोळ होतो, आणि बोर्डोच्या बाबतीत हा घोळ थेट सुपारीच्या घडावर दिसतो. म्हणून मी इथे एकच पत्रक घेतो, कोळेरोगाचं, आणि त्याचे तीन प्रकारचे मेसेज शेजारी शेजारी ठेवतो, तुम्हाला कुठला जमेल ते बघा.

आधी पत्रकात काय असतं ते. साधारण पाच-सहाशे शब्द. सुरुवातीला रोग कुठल्या बुरशीमुळे होतो (फायटोफ्थोरा), मग लक्षणं, म्हणजे कोवळ्या सुपारीवर देठाकडून पाणी भरल्यासारखे गडद हिरवे डाग, मग पांढरी बुरशी आणि गळ. मग 'पावसाळ्यापूर्वी १ टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी करावी व ४० ते ४५ दिवसांच्या अंतराने दुसरी करावी' असं एक वाक्य. मग मिश्रणाची कृती, चिकटण्यासाठी रोझीन-सोडा, घडांना प्लास्टिक बांधायचा पर्याय, पडलेली सुपारी गोळा करणं, पाण्याचा निचरा. पत्रक म्हणून यात काही चूक नाही, वाचणारा माणूस पाहिजे तिथे नजर टाकतो, नको ते सोडतो. कानाला ती सोय नाही, सगळा फरक इथूनच पडतो.

पहिला रस्ता: पत्रक जसंच्या तसं वाचून रेकॉर्ड करायचं

करायला सगळ्यात सोपा. सावकाश वाचलं तर पाचेक मिनिटं होतात. काही सुटत नाही, आणि ज्याला रोग समजून घ्यायचाय त्याला हे आवडतं पण. अडचण अशी की मिश्रणाची कृती तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला येते, आणि ड्रमापाशी उभा असलेला माणूस चुन्याच्या हाताने मेसेज मागे-पुढे सरकवत ती जागा शोधणार नाही, तो शेजाऱ्याला फोन करून विचारेल किंवा गेल्या वर्षी जसं केलं तसं करेल. शिवाय 'करावी, घ्यावे, टाळावे' ही पत्रकी भाषा ऐकताना नुसती वाहून जाते. 'एक टक्का' ऐकून तर कोणालाच वजन कळत नाही, कागदावर निदान खाली कोष्टक असतं.

दुसरा रस्ता: सगळ्याचा दीड मिनिटाचा सारांश

बहुतेक लोक हाच करतात कारण कागदावर तो नीटनेटका वाटतो, प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य आणि झालं. मला हाच सगळ्यात धोक्याचा वाटतो. सगळे परिच्छेद सारखे छाटले की लक्षणांचं एक वाक्य राहतं, जे प्रत्येक बागायतदाराला लहानपणापासून माहिती आहे, निचऱ्याचं एक राहतं, आणि कृतीचं पण एकच राहतं: 'मोरचूद व चुना प्रत्येकी एक किलो शंभर लिटर पाण्यात मिसळून फवारा.' हे वाक्य ऐकून कोणी एकाच ड्रमात दोन्ही टाकून वर पाणी सोडलं तर त्याची चूक काय? त्याने ऐकलं तेच केलं. दोन्ही वेगवेगळे पातळ न करता एकत्र केले तर मिश्रण जाडसर होतं, फाटल्यासारखं होऊन खाली बसतं, नोझल तुंबतं आणि घडावर धरत पण नाही. आणि मोरचूद जास्त राहिला तर कोवळी सुपारी करपते. म्हणजे सारांशातून नेमका तो भाग गेला ज्याच्यासाठी माणसाला मेसेज पाहिजे होता.

तरी हा रस्ता पूर्ण टाकाऊ नाही. ज्यांना फक्त आठवण करून द्यायचीय, ज्यांच्याकडे दर वर्षी तोच जाणता माणूस मिश्रण करतो, त्यांना दीड मिनिट सुद्धा नको, 'पाऊस लागायच्या आधी फवारणी उरका' एवढं वीस सेकंदांचं चालतं. पण मग त्याला पत्रकाचा सारांश म्हणू नका, आठवणच म्हणा.

तिसरा रस्ता: कामाप्रमाणे तीन मेसेज, ज्याच्या त्याच्या वेळेला

माझं मत याच्या बाजूने आहे. पत्रकाचे तुकडे परिच्छेदाप्रमाणे न करता माणूस कधी कुठे उभा असतो त्याप्रमाणे करायचे. मेच्या मध्याला तो दुकानात असतो, मेच्या शेवटी ड्रमापाशी, आणि जुलैच्या मध्याला पोफळीखाली गळलेली सुपारी बघत.

पहिला मेसेज सामानाचा: शंभर लिटरला एक किलो मोरचूद, चुना मात्र सव्वा-दीड किलो आणा (का ते खाली येतंय), चुना भट्टीचा, कळीचा, हवेत ठेवून भुगा झालेला नको, प्लास्टिकचे दोन ड्रम, त्यातला एक शंभर लिटर मावेल असा, आणि चढणाऱ्या माणसाला आत्ताच सांगून ठेवा. संपलं, अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसरा मेसेज हा खरा मेसेज. तो पूर्ण असा बोलता येईल:

«सुपारी, कोळेरोग, बोर्डो बनवायची कृती. ड्रमापाशी उभे राहून ऐका. हिशेब शंभर लिटरचा. छोट्या ड्रमात पन्नास लिटर पाणी घ्या, त्यात एक किलो मोरचूद पूर्ण विरघळवा. मोठ्या ड्रमात एक किलो कळीचा चुना, त्यावर थोडं थोडं पाणी घालून फोडा. तोंड लांब ठेवा, चुना उकळतो, डोळ्यात उडतो. निवला की पाणी घालून पन्नास लिटर करा, गाळून घ्या. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या ड्रमात ओता, हळूहळू, ढवळत. परत सांगतो, मोरचूद चुन्यात ओतायचा. झालं की घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, थोडं चुन्याचं पाणी घाला, ढवळा, परत खिळा बघा. थर नाही आला तर फवारा, घड पूर्ण भिजला पाहिजे. आज बनवलेलं आजच संपवा.»

सावकाश बोललात तर मिनिटभर किंवा थोडं जास्त. यात बुरशीचं नाव नाही, लक्षणं नाहीत, रोझीन नाही, निचरा नाही, आणि कोणाला त्यांची उणीव भासत नाही कारण त्या मिनिटाला त्यांचं काम नसतं. मात्र तीन गोष्टींना मी कात्री लावणार नाही, मेसेज कितीही लांबला तरी: ओतायचा क्रम, खिळ्याची परीक्षा, आणि चुना फोडताना तोंड लांब ठेवायचं. क्रम दोनदा येतो तो मुद्दाम, ऐकणारा एका वाक्याला ढवळत असतो, दुसऱ्याला ऐकतो. खिळ्याच्या परीक्षेसाठीच चुना जास्तीचा आणायला सांगितला, कारण मोरचूद जास्त निघाला आणि घरात चुना शिल्लक नसला तर माणूस दुकानात परत जात नाही, तसंच फवारतो. बाजारातला चुना सगळीकडे सारख्या ताकदीचा नसतो, म्हणून समान वजन घेऊनही खिळा तांबूस होऊ शकतो, हे पत्रकात सहसा एका ओळीत येतं आणि तीच ओळ आधी कापली जाते.

आकड्यांबद्दल एक. मेसेजमध्ये एकच हिशेब ठेवा. कोणी म्हणेल आमचा निळा ड्रम दोनशे लिटरचा आहे, तोही सांगा, आणि मग पंधरा लिटरच्या पंपाचा पण. तीन हिशेब ऐकले की लक्षात एकही राहत नाही. शंभरचा सांगा, दुप्पट त्याला करता येतं.

तिसरा मेसेज जुलैच्या मध्याला: पहिल्या फवारणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले असतील तर पावसाने उघडीप दिली की दुसरी करून घ्या, घड सुकलेला असताना, आणि झाडाखाली पडलेली व घडावरची सडलेली सुपारी गोळा करून जाळून टाका, तिथेच ठेवू नका. पाऊस लांबला तर तिसरीची तयारी ठेवा. इथे लक्षणांचं एक वाक्य पण घाला, देठाकडचा गडद डाग, कारण आता ते बघायची वेळ आहे.

या रस्त्याची किंमत पण सांगतो. कोणीतरी तीन वेळा आठवणीने पाठवायला पाहिजे, आणि मेसेज एकदा फॉरवर्ड झाला की सुटा फिरतो, सामानाचा मेसेज न मिळता थेट कृतीचा मिळतो, किंवा जुलैचा मेसेज मेमध्ये कोणीतरी परत फिरवतो. म्हणून प्रत्येकाच्या पहिल्याच वाक्यात पीक, रोग आणि काम बोलायचं, जुलैच्या मेसेजमध्ये महिना पण. व्हॉइस नोटला वर शीर्षक नसतं, पहिले पाच सेकंद हेच शीर्षक.

पाठवायच्या आधी एक तपासणी तिन्ही रस्त्यांना लागू आहे. गटातल्या दोन-तीन जणांना ऐकवा, त्यातला एक तरी प्रत्यक्ष मिश्रण करणारा गडी असू दे, मालक नव्हे. 'समजलं का' असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. विचारा, 'काय कशात ओतणार?' आणि 'खिळा लाल झाला तर?' पहिल्याचं उत्तर उलटं आलं तर रेकॉर्डिंग परत करा. दुसऱ्याला 'फेकून देणार' असं उत्तर आलं तर 'चुन्याचं पाणी घाला' हे वाक्य सावकाश आणि वेगळं बोला, बहुतेक ते आधीच्या वाक्याला चिकटून गेलेलं असतं.

तर निवड अशी करा. पाठवणारा माणूस नक्की असेल तर तीन मेसेज. एकच मेसेज पाठवायची सोय असेल तर सारांश नको, फक्त कृतीचा पाठवा, मेच्या शेवटच्या आठवड्यात, सुरुवातीला 'चुना जास्तीचा आणा' एवढं जोडून आणि सोबत पत्रकाचा स्पष्ट फोटो. पूर्ण वाचलेलं रेकॉर्डिंग करायचंच असेल तर जरूर करा, पण फवारणी संपल्यावर पाठवा, ऑगस्टच्या संध्याकाळी पाऊस कोसळत असताना लोकांना पाच मिनिटं ऐकायला वेळ असतो, रोझीन आणि प्लास्टिक बांधायचा भाग तेव्हा ते नीट ऐकतात आणि पुढच्या मेसाठी प्रश्न पण विचारतात.