आपोआप बोलणारी स्क्रीन की बोट लावल्यावर बोलणारे चित्र?

वाचता न येणाऱ्या आणि पहिल्यांदाच स्मार्टफोन हाती घेतलेल्या माणसासाठी अ‍ॅप करताना चित्रे आणि आवाज दोन्ही लागतात, हे आता वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्न उरतो तो आवाज कधी यावा याचा: स्क्रीन उघडताच सगळी सूचना आपोआप ऐकू यावी, की ज्या चित्राला बोट लागेल त्यानेच आपला अर्थ सांगावा? पाण्याची तक्रार नोंदवण्याच्या एका अ‍ॅपसाठी मी दोन्ही पद्धती करून पाहिल्या. स्क्रीनवर चारच चित्रे होती: पाणी येत नाही, गढूळ येते, पाइप गळतो आणि इतर तक्रार.

आपोआप बोलणाऱ्या स्क्रीनवर माणसाला काही शोधावे लागत नाही, आणि सुरुवातीला मला तीच बरी वाटली होती. अडचण आली ती आवाज चालू असताना बोट लावणाऱ्यांची. सूचना संपेपर्यंत स्पर्श दाद देत नसे, त्यामुळे फोन बिघडला असे समजून लोक पुन्हा पुन्हा दाबत. तेवढ्यात सूचना संपली की एक स्पर्श चित्र निवडी आणि त्यामागचा स्पर्श पुढच्या स्क्रीनवर जे बोटाखाली येईल ते निवडून टाकी. आपण काय निवडले हे त्यांना कळतही नसे. मग स्पर्श होताच आवाज थांबेल असे केले, तर शेवटची दोन चित्रे कोणी ऐकेचना. शिवाय मागे आल्यावर तीच सूचना पहिल्यापासून सुरू होई.

दुसऱ्या पद्धतीत बोट लावल्यावर चित्राची कडा ठळक होते, ‘पाणी गढूळ येते’ एवढेच ऐकू येते आणि खाली हिरवी बरोबरची खूण दिसते. दुसऱ्या चित्राला बोट लावले, तर आधीचा आवाज तिथेच थांबतो. खूण दाबेपर्यंत काहीही नोंदले जात नाही, त्यामुळे चुकीच्या स्पर्शाने फार तर एक वाक्य जास्त ऐकावे लागते. न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधील टॉकबॅक ही सोयही स्पर्शावर बोलते, पण निवडीसाठी लागोपाठ दोनदा टॅप करावे लागते. ती लय नवख्या बोटांना जमत नाही असे मला दिसले, म्हणून होकाराची जागाच वेगळी ठेवली. ‘पाणी येत नाही’ हे चित्र नुसत्या बंद नळाचे असताना कळत नव्हते. नळाखाली रिकामी कळशी आल्यावर कळू लागले, आणि तोवरच्या चुका आवाजाने सांभाळल्या.

या पद्धतीत दर निवडीला दोन स्पर्श लागतात, आणि सरावलेल्या माणसाला ते कदाचित जाचक वाटतील. चित्राला बोट लावायचे असते हेही आधी कोणी सांगावे लागते. म्हणून पहिल्या स्क्रीनवर ‘चित्राला बोट लावा, ते बोलेल’ हे एकच वाक्य मी आपोआप वाजू दिले आहे, आणि काही सेकंद स्पर्श झाला नाही, तर ते पुन्हा वाजते.